निरोपाचे भाषण : मसुदा कसा तपासावा?

दरवर्षी मंडळाच्या परीक्षा जवळ आल्या की अकरावीची मुले बारावीला निरोप देतात. इंदुरात ह्या कार्यक्रमाला सगळेच सर्रास ‘विदाई पार्टी’ म्हणतात. त्यात बारावीतर्फे एक जण भाषण करतो. हे भाषण कोणी करावे ह्यावर मुलांमध्ये खूप चर्चा होते. ते कसे असावे ह्यावर मात्र फारशी होत नाही. परिणामी भाषण एक तर इतके लांबते की पाहुणे घड्याळ पाहू लागतात, किंवा एखाद्या विनोदाने सभागृहात अर्धे लोक हसतात आणि एक जण मान खाली घालतो.

ह्यावर उपाय म्हणून काही पालकांनी सुचवले की भाषण शिक्षकांनीच लिहून द्यावे. विश्वस्त मंडळीतील एक-दोघांचे मत होते की विनोद पूर्णपणे वगळावेत आणि वेळ दोन मिनिटांवर आणावी. आम्हास दोन्ही उपाय पटत नाहीत. शिक्षकांनी लिहिलेले भाषण मुलाच्या तोंडी परके वाटते आणि विनोदाशिवायचा निरोप हा शोकसभेसारखा होतो. आमचे मत असे की भाषण मुलानेच लिहावे आणि मोठ्यांनी ते तपासावे. मात्र तपासणे म्हणजे शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल शाई फिरवणे नव्हे. तीन गोष्टी पाहाव्या लागतात : लांबी, विनोद आणि भावनेचा चढ-उतार. बारावीच्या एका विद्यार्थिनीच्या मसुद्यावरून, तिच्याच परवानगीने, हे आम्ही येथे उलगडून दाखवतो.

लांबी : पाने मोजू नका, घड्याळ लावा

मसुदा वहीची सहा पाने होता. तिला वाटत होते की पाच मिनिटांत सहज होईल. पानांवरून अंदाज बांधला की असेच फसायला होते. आम्ही तिला शब्द मोजायला सांगितले. ते १,०४० भरले. घरी उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून वाचायला सांगितले, तेव्हा साडेदहा मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला साधारण शंभर शब्द.

हा वेग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वक्तृत्वाच्या इंग्रजी पुस्तकांत मिनिटाला १२० ते १५० शब्द असा हिशेब दिलेला असतो. तो मराठीला लागू पडत नाही, कारण आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच जोडले जातात. ‘शाळेच्या’, ‘मित्रांसाठी’, ‘वर्गातल्यांनाही’ हे मराठीत एकेक शब्द आहेत. इंग्रजीत त्यांचे दोन-तीन तरी होतात. आपले शब्द कमी पण लांब असतात. व्यासपीठावरून, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे सावकाश बोलले, तर शंभराच्या आसपासच गाडी चालते. मनातल्या मनात वाचले तर तेच भाषण निम्म्या वेळात संपते, म्हणून मनातले वाचन हिशेबात धरू नये.

आता कार्यक्रमपत्रिकेत पाच मिनिटे दिलेली होती. पण पाच मिनिटे म्हणजे पाचशे शब्द नव्हेत. माइकजवळ जाणे, नमस्कार, टाळ्या, हशा आणि एखाद्या वाक्यावर दाटून येणारा गळा ह्यांना मिळून एक मिनिट तरी जाते. म्हणून बोलायला उरली चार मिनिटे, म्हणजे चारशे शब्द. १,०४० वरून ४०० वर यायचे होते.

एवढी काटछाट करताना मुले प्रत्येक परिच्छेदातून दोन-दोन ओळी खुडतात. त्याने सगळेच परिच्छेद अर्धवट होतात. त्याऐवजी शब्द कुठे खर्च झाले आहेत ते आधी पाहावे. ह्या मसुद्यात व्यासपीठावरील मान्यवरांच्या संबोधनात १२० शब्द गेले होते, एकोणीस जणांच्या आभारात ३१०, आठवणींत ३३०, विनोदांत १३० आणि समारोपात १५०. म्हणजे निम्म्याहून अधिक भाषण कोणत्याही वर्षाच्या कोणत्याही मुलीने केले असते तरी चालले असते. मान्यवरांची नावे सूत्रसंचालकाने आधीच घेतलेली असतात. ती पुन्हा घ्यायला पूर्ण एक मिनिट देणे परवडणारे नव्हते. तिथे तीस शब्द पुरले.

आठवणी सात होत्या : सहल, स्नेहसंमेलन, प्रयोगशाळेत फुटलेली परीक्षानळी, पावसात भिजलेले मैदान वगैरे. प्रत्येकीला दोन-तीन ओळी. आम्ही तिला विचारले, “ह्यातली कोणती आठवण तू ह्या शाळेत नसतीस तर तुला मिळाली नसती?” तिने क्षणभरही विचार न करता पावसातले मैदान सांगितले. आंतरशालेय खो-खोचा सामना पावसाने थांबला, हरलेल्या आणि जिंकलेल्या दोन्ही संघांनी मिळून गुडघाभर पाण्यातून खांब काढले आणि मग मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांनी एकाच डब्यातले पोहे खाल्ले. ही एकच आठवण ठेवली आणि तिला दीडशे शब्द दिले. बाकीच्या सहा गेल्या. सात आठवणींची यादी श्रोता विसरतो, पण पोह्यांचा एक डबा त्याच्या लक्षात राहतो.

विनोद : कोणावर, आणि कोणासमोर?

मसुद्यात चार विनोद होते. विनोद तपासताना तो हसवतो की नाही हे आधी पाहू नये. हसवणारा विनोदच अधिक धोक्याचा असतो. आधी पाहावे की हसू कोणावर येणार आहे, तो माणूस सभागृहात कोणासमोर बसलेला असेल, आणि त्याला उत्तर देण्याची सोय आहे का.

पहिला विनोद गणिताच्या सरांवर होता. त्यांचे शिक्षण हिंदीतून झालेले असल्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी शब्द येतात. मसुद्यातले वाक्य होते : “सरांचे मराठी ऐकून आमचे हिंदी सुधारले.” वर्गात ह्यावर हशा पिकला असता आणि सरही कदाचित हसले असते. आमचेही पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे आणि असे शेरे आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. एकट्यात ते बोचत नाहीत. पण मराठी शाळेत, मराठी विश्वस्तांसमोर, माइकवरून ‘तुम्हाला मराठी नीट येत नाही’ असे म्हणणे ही वेगळी गोष्ट झाली. येथे एक साधा भेद उपयोगी पडतो. माणसाच्या सवयीवर विनोद करावा, त्याच्या उणिवेवर करू नये. सवय ही त्याची स्वतःची असते आणि ती सोडणे त्याच्या हातात असते. भाषा, उच्चार, रंग, उंची, आजार, घरची स्थिती ह्या गोष्टी त्याच्या हातात नसतात. ह्याच सरांची एक सवय सगळ्या शाळेला माहीत आहे. तास संपल्यावर ते “बस, शेवटची दोन मिनिटे” म्हणतात आणि पुढचे शिक्षक दारात उभे असतात. तिने विनोद तिकडे वळवला : “सर, मीसुद्धा आज शेवटची दोन मिनिटे घेणार आहे, आणि ती तुमच्या घड्याळाने.” त्यात सरांची थट्टा आहे आणि आपुलकीही आहे.

दुसरा विनोद शिपाईकाकांवर होता. “दुपारच्या पाळीत काकांचा डोळा लागला की आमचा तास वाढायचा.” मुलांना ही निव्वळ गंमत वाटते. पण समोरच्या रांगेत काकांची नोकरी ज्यांच्या हातात आहे ती मंडळी बसलेली असतात. वर्गात जी गंमत असते ती त्या सभागृहात तक्रार ठरते. विद्यार्थिनी म्हणाली की ती काकांना आधी विचारून घेईल. ह्याबाबत आमचे मत ठाम आहे. सर नाही म्हणू शकतात, काका म्हणू शकत नाहीत. ज्या माणसाला नकार देणे अवघड आहे त्याने दिलेली परवानगी ही परवानगी नव्हे. म्हणून विचारून घेण्याचा उपाय येथे चालत नाही, विनोदच बदलावा लागतो.

तिने तो बदलला, आणि आमच्या मते संपूर्ण भाषणातला तो सर्वात चांगला बदल होता. नवे वाक्य असे झाले : “काकांची घंटा मधल्या सुट्टीला उशिरा वाजते आणि सुट्टी संपताना लवकर, अशी आमची पाच वर्षे तक्रार होती. यंदा एकदा घड्याळ लावून पाहिले. घंटा बरोबर होती.” काका तेच आणि घंटाही तीच, पण हसू आता मुलांवर येते आणि मान काकांचा वाढतो. विनोद काढून टाकण्याआधी त्याचे तोंड आपल्याकडे वळवता येते का, हे नेहमी पाहावे.

तिसरा विनोद अकरावीत दोनदा बसलेल्या एका वर्गमित्रावर होता. “आमचा सर्वात अनुभवी मित्र” असे ते वाक्य होते. तो मित्र स्वतःही हे हसत सांगतो, असे तिचे म्हणणे. पण त्या दिवशी त्याचे आई-वडील सभागृहात असतील आणि त्यांनी ते वर्ष हसत काढलेले नसेल. माणूस स्वतःवर जो विनोद करतो तो त्याच्या मालकीचा असतो, दुसऱ्याने तो उचलू नये. हा विनोद वळवता येण्यासारखा नव्हता, म्हणून तो पूर्ण काढला.

चौथा विनोद तिचा स्वतःवर होता. आठवीत प्रार्थनेच्या वेळी सुविचार सांगायला उभी राहिली आणि सुविचारच विसरली, तेव्हा तिने सगळ्यांना “सुप्रभात” म्हणून नमस्कार केला आणि खाली उतरली. हा विनोद मसुद्यात शेवटच्या पानावर होता. आम्ही तो सर्वात आधी आणायला सांगितले. बोलणारा आधी स्वतःवर हसला की पुढचे सगळे विनोद श्रोते प्रेमाने घेतात.

आणखी एक तपासणी आहे. भाषण अशा एखाद्या माणसाला वाचून दाखवावे जो त्या वर्गाला ओळखत नाही. आजी किंवा शेजारच्या काकू चालतील. त्यांनी “हे कोण?” किंवा “म्हणजे काय झाले होते?” असे विचारले, तर तो विनोद वर्गातल्या चाळीस जणांसाठी आहे, सभागृहातल्या तीनशेंसाठी नाही. तो संध्याकाळी मित्रांच्या घोळक्यात सांगावा.

भावना : चढ कुठे, उतार कुठे?

मसुद्याचे पहिलेच वाक्य होते : “आज मन इतके भरून आले आहे की शब्द फुटत नाहीत.” त्यानंतर हजार शब्द फुटले होते. पण अडचण तेवढीच नव्हती. बोलणाऱ्याचे मन गेला महिनाभर भरून येत असते, श्रोता मात्र आत्ताच पंख्याखाली खुर्ची शोधून बसलेला असतो. तो अजून तिथे पोचलेला नसतो. पहिल्याच वाक्याला रडू मागितले तर तो अवघडतो.

हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच शब्द लिहावा : हसू, आठवण, आभार, जड, उभारी. मग फक्त समास वाचावा. ह्या मसुद्याचा समास असा निघाला : जड, आभार, जड, हसू, आठवण, जड, हसू, जड, जड. चढ नाही, उतार नाही, नुसते हेलकावे. त्यातही दोन ठिकाणी घोटाळा होता. मागच्या वर्षी वारलेल्या चित्रकलेच्या बाईंच्या आठवणीला लागूनच वर्गमित्रावरचा विनोद आला होता. अशा जागी श्रोत्याला हसावे की नाही हे कळत नाही आणि दोन्ही गोष्टी वाया जातात. जड गोष्टीनंतर निदान दोन-तीन वाक्ये शांत, साधी हवीत. दुसरे असे की भाषण तीनदा संपत होते. एकदा “शेवटी एवढेच”, मग “जाता जाता”, आणि मग “पुन्हा एकदा सर्वांचे”. पहिल्या समारोपाला श्रोते टाळ्यांसाठी हात उचलतात, दुसऱ्याला ते खाली ठेवतात आणि तिसऱ्याला चुळबुळ सुरू होते.

नवा क्रम असा ठरला : हसू, आठवण, आभार, जड, उभारी. सुविचार विसरल्याची गंमत, मग मैदान आणि पोहे, मग आभार आणि त्यातच सरांचे घड्याळ व काकांची घंटा, मग चित्रकलेच्या बाई, आणि शेवटी अकरावीच्या मुलांसाठी दोन वाक्ये. जड भाग एकच ठेवला आणि तो भाषणाच्या तीन-चतुर्थांश टप्प्यावर आणला. तो अगदी शेवटी ठेवू नये ह्याचे कारण व्यावहारिक आहे. तिथे आवाज फुटला तर शेवटचे वाक्य कोणालाच ऐकू जात नाही आणि मुलगी रडत खाली उतरते. पुढे दोन उभारीची वाक्ये असली की सावरायला जागा मिळते. शेवटचे वाक्य लहान असावे आणि कागद न पाहता म्हणता यावे.

गळा बहुधा नावावर दाटतो. म्हणून बाईंच्या परिच्छेदात नाव वाक्याच्या सुरुवातीला न घेता शेवटी घेतले आणि वाक्ये आठ-दहा शब्दांची केली. लांब वाक्य अर्ध्यावर तुटले तर पुन्हा पकडता येत नाही. मसुद्यात बाई “मायेचा सागर” होत्या. आम्ही विचारले, बाई काय करत? तर म्हणाली, ज्याने रंग आणले नसतील त्याला त्या स्वतःच्या पेटीतले रंग देत आणि परत मागत नसत. सागर गेला आणि पेटी आली. सभागृहात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते ते अशा पेटीने.

हेच तत्त्व आभारांना लावले. सचिन तेंडुलकर ह्यांचे १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावरचे निरोपाचे भाषण पुष्कळांनी ऐकले असेल. ते सुमारे वीस मिनिटे चालले आणि बव्हंशी ती आभारांचीच यादी होती. नावे विसरू नयेत म्हणून त्यांनी हातात कागदही धरला होता. तरी ते कंटाळवाणे झाले नाही, कारण जवळजवळ प्रत्येक नावाबरोबर एक कृती होती. बहिणीने पहिली बॅट दिली, काका-काकूंनी शाळा जवळ पडावी म्हणून चार वर्षे घरी ठेवले, आचरेकर सर स्कूटरवर बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेत. विनोदही होता, पण सौम्य. सरांनी २९ वर्षांत कधी ‘छान खेळलास’ म्हटले नाही, कारण शिष्य सुस्तावेल अशी त्यांना भीती. आता पुढे सामनेच नाहीत, तेव्हा म्हणायला हरकत नाही, असे ते म्हणाले. हसू सरांच्या सवयीवर आले आणि त्याच वाक्यात कृतज्ञताही होती.

ह्यावरून मुलांनी वीस मिनिटांचा परवाना मात्र घेऊ नये. २४ वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीला आणि निरोप द्यायलाच भरलेल्या मैदानाला वीस मिनिटे शोभतात. आपल्या सभागृहात त्यानंतर अकरावीची नृत्ये आणि अल्पोपाहार असतो. आमच्या विद्यार्थिनीने एकोणीस नावांतून चार ठेवली, प्रत्येकासोबत एक कृती, आणि उरलेल्यांचे आभार एका वाक्यात. ज्यांची नावे गेली त्यांना तिने हाताने लिहिलेली एकेक चिठ्ठी दिली. आम्हास वाटते, माइकवरच्या एका नावापेक्षा ती चिठ्ठी अधिक काळ जपली जाईल.

तपासणाऱ्याची मर्यादा

शेवटी भाषण झाले ४०५ शब्दांचे. तालमीत चार मिनिटे सात सेकंद लागली, प्रत्यक्षात पाच मिनिटांना थोडी कमी. बाईंच्या परिच्छेदात ती दोनदा थांबली. कोणी टाळ्या वाजवून तिला घाई केली नाही, ह्याचे श्रेय श्रोत्यांचे.

ह्या सगळ्यात एकही वाक्य आम्ही लिहून दिले नाही. समासात प्रश्न लिहिले : “हे कोणावर?”, “बाई काय करत?”, “हे दुसऱ्यांदा संपते का?” उत्तरे तिची होती. पालकांस आमची विनंती की घरी मसुदा वाचताना त्यांनीही एवढेच करावे. मोठ्यांनी घातलेले एक अलंकारिक वाक्य लगेच ओळखू येते, कारण ते म्हणताना मुलाचा आवाज बदलतो. आणि विश्वस्त मंडळींस विनंती की विनोदावर सरसकट बंदी नको. काकांच्या घंटेचा विनोद वगळला असता तर भाषण निर्धोक झाले असते, पण त्या दिवशी सभागृहाच्या दाराशी उभे असलेल्या काकांसाठी ज्या टाळ्या पडल्या त्या पडल्या नसत्या.

यंदा बोलू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपला मसुदा समारंभाच्या दहा दिवस आधी वर्गशिक्षकांकडे द्यावा. वर शब्दसंख्या आणि मोठ्याने वाचायला लागलेला वेळ लिहावा, आणि समासात प्रत्येक परिच्छेदापुढे तो एक शब्द. ज्या विनोदात कोणाचे नाव आहे त्याखाली रेघ ओढावी. तेवढे झाले की निम्मी तपासणी विद्यार्थ्याने स्वतःच केलेली असेल.